हुंगून घेतलेलं दूध

गोरक्षनाथ आचाऱ्याला वास येत नाही, ही गोष्ट अख्ख्या काष्टीत दोघांनाच माहीत होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको चांगुणा. कोरोनात गावातल्या निम्म्या लोकांचा वास गेला, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांचा परत आला. याचा मेला परत यायचं नाव घेईना. डॉक्टर झाले, वाफा झाल्या, कुणी सांगितलं म्हणून नाकात तूप सोडून झालं. शेवटी चांगुणा म्हणाली, "जाऊ द्या. माजं नाक हाय की. कुणाला सांगू मात्र नका."

आता आचारी माणसाला वास येत नाही म्हटल्यावर त्याला कोण कार्याला बोलावणार? शिवाय गोरक्षनाथ काही वरणभाताचा आचारी नव्हता. त्याची ओळख रसमलाईची. साखरपुडा असो, बारसं असो, लोक तारीख धरायच्या आधी त्याला फोन करायचे. चकती अशी मऊ, की म्हाताऱ्या माणसानं नुसती जिभेवर ठेवावी. आणि वरचं दूध दाट, पण चकतीच्या पोटापर्यंत शिरेल इतकंच दाट. ते जमणं सोपं नाही बरं का. दूध रबडीसारखं आटवून टाकलं तर ते चकतीत शिरत नाही, वरच्या वर राहतं आणि आतून चकती कोरडी लागते. पातळ ठेवलं तर लोक म्हणतात, पाण्यात बुडवून दिली.

तर गेली पाच वर्षं दोघांचं असं चाललं होतं. दूध आलं की गोरक्षनाथ कॅनचं झाकण काढायचा, वाकायचा, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. सगळे बघत असायचे. त्याच वेळी मागं उभी असलेली चांगुणा पुढं येऊन कॅन सरकवायच्या निमित्तानं वास घ्यायची. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला की दूध चांगलं. खाकरली, की परत पाठवायचं. मग हा मान वर करून म्हणायचा, "एक नंबर!" किंवा "न्हाई चालायचं, उचला." लोक म्हणायचे, नाक आहे का काय आहे बाबा. आणि दूध आटत असताना चांगुणा कढईपासून हलायची नाही. दुधाच्या मनात फाटायचं आलं, की डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं. तेवढ्या वेळात कढई उतरवता येते.

भागवत तात्यांच्या अश्विनीचा साखरपुडा गुरुवारी होता. पाहुणे कर्जतचे, माणूस तालेवार. साखरपुड्याला दोनशे पान, आणि जेवण आवडलं तर डिसेंबरातल्या लग्नाचं सगळं काम गोरक्षनाथाला, असं तात्यांनी स्वतः सांगितलं होतं. कर्जतकडं त्याचं नाव अजून पोचलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत काष्टीच्या आसपास पोरं केटरिंगवाली झाली होती, काउंटर लावणारी, टोप्या घालणारी. गोरक्षनाथाला दिसत होतं की हे एक मोठं लग्न धरलं नाही तर आपलं संपलं.

आणि मंगळवारी चांगुणेचा बाप गेला. घोडेगावाजवळ तिचं माहेर. दोघं तसेच गेले. जावयाला आंघोळ करून मोकळं होता येतं, लेकीला तीन दिवसांचं सुतक. बुधवारी सकाळी तो परत निघाला तेव्हा ती दारात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"सावडायला थांबला असता तर बरं दिसलं असतं," ती म्हणाली.

"तात्यांचं काम सोडू का?"

"सोडा म्हनत न्हाई. पन दुधाचं कसं करनार?"

"बघतो की."

"सुनीलला सांगा. घरचाच हाय. त्यो हुंगंल."

सुनील म्हणजे त्याचा मदतनीस, तिशी उलटलेला, दहा वर्षं हाताखाली असलेला. गोरक्षनाथ नुसता "हं" म्हणाला. सुनीलला सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत पारावर सांगायचं. सुनील वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नसे.

बुधवारी संध्याकाळी त्यानं तात्यांच्या मळ्यातल्या मांडवामागं भट्टी लावली आणि चकत्या करून ठेवल्या. त्या कामाला नाक लागत नाही, हात लागतो. गाईचं दूध उकळून खाली उतरवलं, जरा निवू दिलं, मग लिंबाचं पाणी थोडं थोडं सोडलं. हिरवट पाणी सुटल्याबरोबर गार पाणी ओतलं, कारण छेना, म्हणजे फाटलेल्या दुधाचा मऊ गोळा, गरम पाण्यात राहिला की रबर होतो. फडक्यात घेऊन तीनदा धुतला, लिंबाचा अंश राहू नये म्हणून. राहिला तर उद्या तोच वरचं दूध नासवणार. पाणी निथळू दिलं, पण पिळून कोरडा केला नाही. मग परातीत तळहातानं घासत बसला. हाताला तुपकट लागेपर्यंत, शेवटचा दाणा मोडेपर्यंत. चारशे चकत्या पातळ पाकात खळखळ उकळल्या, दुप्पट फुगल्या, झाकण काढल्यावर कापसाच्या बोंडासारख्या वर आल्या. पाक आटून दाट व्हायला लागला की तो पाण्याचा हबका मारायचा, दाट पाकात चकती आखडते. रात्रभर त्या त्याच पातळ पाकात ठेवल्या. निजताना त्यानं एक चकती बोटांनी दाबून सोडली. ती पुन्हा जागेवर आली. त्याला फार बरं वाटलं. हात शाबूत आहेत, मग काळजी कसली, असं तो स्वतःलाच म्हणाला.

गुरुवारी सकाळी सहाला छगन दूधवाला टेम्पो घेऊन आला. छगनचं गावात दूध संकलन. सरळ माणूस, जरा बोलका. तीन कॅन त्यानं खाली घेतले.

"गोरक्षभाऊ, ही दोन आत्ताची धार हाय. ही तिसरी कालच्या सांजची. रात्री चार घंटे लाईट न्हवती, कुलर बंद हुता. मला काय वावगं वाटत न्हाई, पन तुमी एकदा बघा. तुमाला न्हाई पटलं तर सांगा, लगीच बदलून आनतो. उगं मागनं मला बोल नको."

तात्या तिथंच उभे होते, हातात पाहुण्यांच्या नावांची यादी. सुनीलही होता. गोरक्षनाथानं तिसऱ्या कॅनचं झाकण काढलं. वाकला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. गार हवा नाकात शिरली, बाकी काही नाही. पाठीमागं कुणी पदर सारखा करत नव्हतं, कुणी खाकरत नव्हतं.

अरे, म्हणायचं होतं ना, आण बदलून! काय जात होतं? पण त्याच्या मनात आलं, दूध चांगलं असलं आणि आपण परत पाठवलं, तर छगन झाकण काढून तात्यांच्या नाकाखाली धरणार. "तात्या, तुमीच सांगा, कशाचा वास येतोय?" मग काय तोंड दाखवायचं? आणि त्याच्याजवळ एक उपाय होताच की. वाटीभर दूध उकळून बघायचं. फुटलं नाही तर चांगलं.

"थांब," म्हणत त्यानं वाटीभर दूध शेगडीवर ठेवलं. उकळी आली. फुटलं नाही.

"एक नंबर," गोरक्षनाथ म्हणाला. "ओत."

"मी म्हनलोच हुतो," छगन म्हणाला. "ह्यांच्या नाकाला पटलं म्हंजी झालं." आणि टेम्पो घेऊन गेला.

आता वाटीतलं दूध आणि कढईतलं दूध यात फरक असतो. नुकतं कुठं आंबायला लागलेलं दूध एका उकळीला टिकतं. पण तेच आटवत नेलं की पाणी जातं आणि आंबटपणा मागं राहतो, थोड्या दुधात तेवढाच. शेवटी शेवटी दूध हात टेकतं. गोरक्षनाथाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पंचवीस वर्षं हेच केलं होतं त्यानं. पण माणसाला आपल्या सोयीचं तेवढं आठवतं.

चाखून बघायची सोय नव्हती. तात्यांच्या घरचं दैवत कानिफनाथ. नाथांना नैवेद्य दाखवल्याशिवाय भट्टीवरचं काही जिभेला लावायचं नाही, ही त्या घराची रीत, आणि अश्विनीच्या आईनं कालच बजावून ठेवलं होतं. जिभेला आंबट अजून कळायचं त्याला. पण जीभ बांधलेली.

मंद आचेवर दूध आटायला लागलं. तो उलथन्यानं तळ खरवडत होता, कडेची साय दुधात ओढत होता. पाऊण झालं. रंग सुरेख आला. साखर शेवटी घालायची म्हणून बाजूला ठेवली होती. साडेआठला सुनील मिरच्यांची पोती टाकून आला आणि कढईजवळ थबकला.

"भाऊ, जरा येगळा वास येतोय का?"

"तुजं तोंड तंबाखूनं भरलंय, तुला काय वास कळतोय! जा, कांदा चिर."

सुनील हसला आणि गेला. गोरक्षनाथ मात्र कढईवर वाकला. त्यानं आच कमी केली. पाचच मिनिटांनी उलथनं वर काढलं, तर त्याच्या पाठीवर रव्यासारखे बारीक दाणे चिकटले होते. पुसून पुन्हा बुडवलं. पुन्हा दाणे, आणि त्यांच्यामधून हिरवट पाणी ओघळत होतं.

त्यानं कढई उतरवली आणि मांडवामागं जाऊन चांगुणेला फोन लावला. तिकडं सावडून नुकतेच सगळे परतले होते. बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"फाटलं," तो म्हणाला.

"हुंगलं कुनी?" तिनं हळू विचारलं.

"मीच."

ती बायकांपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "आवं, किती वाजलं? नऊ बी न्हाईत. ओतून द्या ते. तात्यांना सांगा, दूध नासलं, दुसरं आना. एकला पंगत हाय, दूध पावडर घालून लवकर दाट करा, बर्फात ठिवा. व्हतंय अजून."

"छगन म्हनंल, तुमीच हुंगलं की."

"म्हनू द्या! सांगून टाका एकदाचं, मला वास येत न्हाई म्हनून. किती दिस लपवायचं? ऐका माजं. आज मला बापाची आन घालायला लावू नका."

"बरं," तो म्हणाला. "सांगतो."

खरंच सांगणार होता. परत आला तर तात्या कर्जतच्या पाहुण्यांच्या पहिल्या गाडीला सामोरे गेले होते. नवऱ्याचा बाप, दोन चुलते, आणि तात्या त्यांना भट्टीकडंच घेऊन येत होते. "हे आमचे गोरक्षनाथ. दूध हुंगून पारख करत्यात. आमच्याकडं रसमलाई म्हनली की हेच." पाहुण्यांनी हात जोडले. यानंही जोडले. कढईवर ताट झाकलेलं होतं. पाहुणे चहाला गेले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग त्यानं जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. मलमलच्या फडक्यातून दूध गाळलं. दाणे फडक्यात राहिले, खाली पाणचट दूध. आंबटपणा मरावा म्हणून त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला, मग आणखी थोडा. निवल्यावर पिशवीतली दूध पावडर कोमट पाण्यात कालवून ओतली. साखर, केशर, आणि वेलदोडा नेहमीच्या तिप्पट. रंग आला, दाटपणा आला. डोळ्याला एकदम रसमलाईचं दूध. वास कसा येतोय ते त्याला कळायला मार्ग नव्हता. वेलदोडा सगळं झाकतो, असं त्यानं धरून चालायचं ठरवलं. चकत्या एकेक करून दोन तळहातांमध्ये अलगद दाबल्या, पाक काढला आणि कोमट दुधात सोडल्या. त्या मात्र काय फुलल्या होत्या! दूध पिऊन जड झाल्या आणि खाली बसल्या.

साडेबाराला नाथांना नैवेद्य गेला. आता चाखता आलं असतं, पण त्यानं वाटीला हात लावला नाही. एकला पंगत बसली. रसमलाई पाहुण्यांच्या ओळीला आधी.

गोरक्षनाथ मांडवाच्या खांबाआडून बघत होता. नवऱ्याच्या बापानं वाटी उचलली, तोंडाजवळ नेली, आणि तशीच खाली ठेवली. शेजारच्यानं एक घास खाल्ला आणि पाण्याचा पेला उचलला. मग ओळीत एकेक वाटी खाली ठेवली जाऊ लागली. कुणी ओरडलं नाही, भांडण नाही. एक म्हातारी तेवढी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्यात साबन पडलाय काय?" अश्विनी जरीच्या साडीत पाटावर बसली होती. तिच्याही पुढं वाटी होती. तिनं मान वर केली नाही.

पंगत उठल्यावर तात्यांनी छगनला बोलावून घेतलं. छगन धावतच आला. तात्यांचा चेहरा उतरला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"छगन, कसलं दूध दिलंस?"

"तात्या, मी सांगितलं हुतं ना! तुमच्या म्होरं सांगितलं. रात्री लाईट न्हवती, बघून घ्या. ह्यांनी नाक लावलं आन् एक नंबर म्हनले. सुनील, तू हुतास का न्हाई?"

"हुतो," सुनील खाली बघत म्हणाला. "मी बी भाऊंना म्हनलो, वास येतोय."

सगळे गोरक्षनाथाकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, "म्हंजी तुमाला कळलं हुतं. कळून घातलं. का, गोरक्षनाथ? माज्या लेकीचं काम हुतं. दुसरं दूध मी पन्नास ठिकानावरनं आनलं असतं की."

आणि मग तो बोलला. पाच वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बाहेर आलं. "तात्या, मला वास येत न्हाई. कोरोनापासनं. चांगुणा हुंगायची. आज ती न्हवती. नाथांची शपथ."

कुणीतरी मागून हसलं.

"आरं वा," छगन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानं. "सकाळी डोळं मिटून कॅनात मुंडकं घालून हुंगलं ते काय हुतं मग? पाच वर्सं माजी किती कॅनं तुमी वास येतो म्हनून माघारी पाठवली? तवा वास येत हुता, आन् आज न्हाई?"

तात्यांनी एका पानावरची वाटी उचलली आणि त्याच्या नाकाखाली धरली. "घ्या. सांगा."

गोरक्षनाथानं श्वास घेतला. सवयीनं डोळे मिटले. सवय वाईट. "काय न्हाई येत," तो म्हणाला.

"पुरं करा नाटक," तात्या म्हणाले आणि वाटी त्याच्या हातात दिली. "भांडी उचला आन् जावा. हे पन घेऊन जावा, माज्या जनावरांम्होरं पन टाकनार न्हाई मी."

कर्जतची माणसं चारच्या आत निघून गेली. साखरपुडा मोडला नाही, तेवढं बरं. पण निघताना नवऱ्याचा चुलता तात्यांना म्हणाला, लग्नाच्या जेवणाचं आम्हीच बघू. आणि संध्याकाळपर्यंत काष्टीत दोन गोष्टी झाल्या होत्या. निम्मे म्हणत होते, गोरक्षनाथानं नासकं दूध जाणून घातलं. निम्मे म्हणत होते, वर नाथांची खोटी शपथ घेतली.

चांगुणा तिन्हीसांजेच्या आत एसटीनं आली. सुतक फिटलं होतं, केस अजून ओले होते. ओट्यावर मोठं पातेलं बघून थांबली. झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. मग तिनं एक चकती काढली, नळाखाली धुतली, बोटांनी दाबली. दूध निघून गेलं आणि चकती पुन्हा फुगली. तिनं तुकडा तोडून तोंडात टाकला.

"चकती अशी कधीच झाली न्हवती," ती म्हणाली.

"वास कसला येतोय?"

"ऱ्हाऊ द्या."

"सांग ना."

"ओल्या फडक्याचा. वर वेलदोडा. तुमच्या अंगाला बी येतोय."

त्यानं आपली बाही नाकाशी नेली आणि सोडून दिली. "मी सगळ्यांम्होरं सांगितलं, चांगुणे. मला वास येत न्हाई म्हनून. सकाळी न्हाई सांगितलं, दुपारी सांगितलं."

"मग?"

"कुनाला खरं वाटलं न्हाई."

ती ओट्याच्या कडेला बसली. बाप गेल्याचं रडणं घोडेगावात संपलं होतं बहुतेक, कारण आता ती रडली नाही. "मी सांगू का उद्या तात्यांना?" तिनं विचारलं, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आधी स्वतःच मान हलवली. बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार, असंच म्हणणार सगळे. आणि एवढी वर्षं पदर सारखा करणारी तीच होती.

"आपन लई चांगलं लपवलं, आवं," ती म्हणाली.

मग तिनं कोपऱ्यातली कुदळ घेतली. घरामागं लिंबाखाली दोघांनी खड्डा केला आणि पातेलं ओतलं. चारशेतल्या अडीचशे चकत्या एकेक करून घरंगळत खाली गेल्या, पांढऱ्या, एकसारख्या. चांगुणेनं पदर नाकाला लावला होता. गोरक्षनाथ खड्ड्यावर वाकून माती ओढत होता, अगदी जवळून, आणि त्याला काहीच येत नव्हतं.